फोटोतल्या उघड्या खिडकीला पडदा लावला, पण तो 'चिकटवलेला' दिसतो

पाटीपेन्सिल

खोलीचा फोटो आहे, कोपऱ्यातून काढलेला. समोर उघडी खिडकी, तिच्यातून पांढराफटक उजेड आणि जमिनीवर उन्हाचा कवडसा. दुसऱ्या एका फोटोतला क्रीम रंगाचा झिरझिरीत पडदा कापून मी तिथे बसवला. मापं बसली, चुण्याही सुरेख आहेत, तरी बघणारा पहिल्या नजरेतच "हा नंतर लावलाय" म्हणतो. माझं मत असं की खऱ्या पडद्याचा फोटोच वापरावा, हाताने रंगवलेल्या चुण्या कधीच खऱ्या वाटत नाहीत. मग चुकतंय कुठे?

मोरपंखी

पडद्याच्या लेयरची अपारदर्शकता ६० टक्क्यांवर आणा आणि कडा किंचित धूसर करा. झिरझिरीत कापडातून मागची चौकट दिसायलाच हवी. तुमच्यात ती दिसत नसणार, म्हणून तो पुठ्ठ्यासारखा वाटतो. मी कायम असंच करते आणि कुणी बोट ठेवलेलं नाही.

कवडसा

चौकट दिसायला हवी, हे मोरपंखींचं बरोबर आहे. पण अपारदर्शकता कमी केली की सगळा पडदा सारखाच विरळ होतो. खरं कापड तसं वागत नाही. जिथे एकच थर आहे तिथे ते विरळ असतं आणि जिथे चुणी दुमडून तीन-चार थर एकामागे एक येतात तिथे दाट.

पाटीपेन्सिल, मूळ घोटाळा मला वेगळा वाटतो. तुमचा कापलेला पडदा बहुतेक खोलीतल्या उजेडात, म्हणजे समोरून उजेड पडत असताना टिपलेला आहे. अशा पडद्यात चुणीचा फुगवटा उजळ आणि खळगा काळा असतो, कारण खळग्यात उजेड कमी पोचतो. मागून उजेड आला की हे गणितच बदलतं. फुगवटाही उजळ, खळगाही उजळ. काळसर होते ती चुणीची बाजू, जिथे कापड आपल्या नजरेच्या रेषेत उभं राहतं आणि उजेडाला जास्त कापडातून यावं लागतं. म्हणजे प्रत्येक चुणीला दोन बारीक काळसर रेघा आणि मध्ये उजळ पट्टा. तुमच्या फोटोत एका चुणीला एकच रुंद सावली असेल तर तो पडदा दुसऱ्याच उजेडातला आहे. डोळ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं ते हेच.

पाटीपेन्सिल

आत्ता मोठं करून पाहिलं. एका चुणीला एकच रुंद सावली, तीही सगळीकडे डाव्या बाजूला. खिडकी तर पडद्याच्या पाठीमागे आहे! मग `Multiply` लावला तर जमेल का?

कवडसा

नुसत्या `Multiply`ने नाही जमणार. तुमची खिडकी पांढरीफटक आहे, म्हणजे तिथली खरी प्रखरता फोटोत उरलेलीच नाही. फाइलमध्ये २५५ आहे, बाहेर मात्र त्याच्या कितीतरी पट उजेड होता. २५५वर पडदा `Multiply` केला की पडदा जसाच्या तसा उमटतो, करड्या चुण्यांसकट. करडा पडदा आणि भोवती उजेडाने न्हालेली खोली, हे जुळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा खिडकी फोटोतल्या पांढऱ्याच्या ८ पट प्रखर आहे, म्हणजे ३ स्टॉप वर. कापड निम्मा उजेड आत सोडतं. एका थरातून ४ पट उरतो, फोटोत तो पांढराच. दोन थरांतून २ पट, तोही पांढरा. तीन थरांतून जेमतेम १, तरी पांढरा. चौथ्या थराला अर्धा होतो, म्हणजे २५५ऐवजी साधारण १८८. मग अशा खिडकीत झिरझिरीत पडदा जवळजवळ कोरा पांढरा दिसतो आणि जिथे चुण्या दाट दुमडल्या आहेत तिथेच फिकट करड्या रेघा उमटतात. कॅमेऱ्यागणिक आकडे थोडे हलतील, पण चित्र हेच राहील.

खिडकी किती पट प्रखर होती हे कळायला त्याच जागेवरून काढलेली अंधारी फ्रेम हवी. ज्या फ्रेममध्ये बाहेरचं दृश्य नुकतंच दिसू लागतं ती मूळ फोटोपेक्षा किती स्टॉप खाली आहे, ते मोजा.

मोरपंखी

म्हणजे इतका खटाटोप करून शेवटी पडदा दिसणारच नाही? ज्याने काम सांगितलं त्याला चुण्या बघायच्या आहेत. कोरा पांढरा चौकोन दाखवला तर तो "पडदा कुठे आहे?" असंच विचारेल. मी तरी चुण्या ठळकच ठेवीन. फोटो बघणारा स्टॉप मोजत बसत नाही.

कवडसा

चुण्या ठळक हव्यात तर अस्तराचा जाड पडदा घ्या. तो शंभरातला तीनेक भागच उजेड सोडतो असं धरा. मग ८ पटीचा पाव उरतो आणि चुण्या आपोआप स्पष्ट दिसतात. किंवा खिडकीच थोडी खाली आणा, पण तेव्हा सगळ्या खोलीचा उजेड त्याबरोबर उतरवायला हवा. झिरझिरीत कापड, प्रखर खिडकी आणि ठळक चुण्या, या तिन्ही गोष्टी एका फोटोत नांदत नाहीत, असं माझं मत आहे.

मोरपंखी

आणि माझं मत, थोडी सूट घेतलेली चालते. पुढे बोला.

पन्हा_दुप्पट

मी पडदे शिवते. उजेडाचं कवडसा सांगतात ते पटलं, पण मूळ फोटोत कापडच चुकलेलं असेल तर उजेड काय करणार? बरेच जण पडदा खिडकीच्या चौकटीएवढाच बसवतात. खरी दांडी चौकटीच्या वर हातभर नसली तरी १०-१५ सेंटीमीटर असते आणि दोन्ही बाजूंना साधारण तेवढीच बाहेर जाते. कापडाचा पन्हा दांडीच्या लांबीच्या दुप्पट घेतात. त्याहून कमी घेतला की चुण्या पडत नाहीत, कापड ताणलेलं दिसतं. फोटोतला पडदा आडवा ओढून रुंद केला असेल तर हेच होतं. चुणीची रुंदी वाढते, खोली तीच राहते.

दुसरं म्हणजे वरची कड आणि खालची कड. वर चुण्या जवळजवळ आणि सारख्या अंतरावर असतात. खाली येताना त्या पसरतात, दोन-तीन एकमेकींत मिसळतात. वरपासून खालपर्यंत सरळ समांतर चुण्या मी कधी पाहिल्या नाहीत.

कवडसा

ताई, हे फार नेमकं सांगितलंत. त्याला एक जोडतो. पडद्याची खालची कड डोळ्याच्या उंचीच्या खाली असते, म्हणून आपल्याकडे आलेला फुगवटा खालच्या कडेवर थोडा खाली लोंबलेला दिसतो आणि मागे गेलेला भाग वर. वरची कड डोळ्याच्या वर असते, तिथे बरोबर उलट. दोन्ही कडा सरळ पट्टीने कापल्यासारख्या असतील, किंवा दोन्हींची नागमोड एकाच दिशेची असेल, तर पडदा दुसऱ्या उंचीवरून टिपलेला आहे.

गोकर्ण

मी गडद मरून पडदा घ्यावा की फिकट? आमच्या हॉलला दोन खिडक्या आहेत. मागे एकाने आम्हाला फोटोत मरून पडदा लावून दाखवला, भिंती मात्र पांढऱ्याशुभ्र. आवडला म्हणून तसाच आणला. दुपारी पडदा ओढला की सगळा हॉल लालसर होतो. फोटोत तसं दिसलं नव्हतं.

कवडसा

इथे धागा फोटोतल्या पडद्याचा आहे, निवडीचा नाही, पण तुमचा अनुभव इथे उपयोगी आहे. रंगीत कापडातून येणारा उजेड रंगीतच असतो आणि पांढऱ्या भिंती तो लगेच दाखवतात. दाखवणाऱ्याने फक्त पडदा लावला, खोलीतला उजेड जुनाच ठेवला.

पाटीपेन्सिल, तुमच्या क्रीम पडद्याचंही तेच. शिवाय जमिनीवरचा कवडसा. पडदा ओढलेला आहे आणि जमिनीवर मात्र धारदार कडांचा उन्हाचा चौकोन, असं होऊ शकत नाही. झिरझिरीत कापड ऊन पसरवून टाकतं, मग पडदाच उजेडाचा उगम होतो. कवडसा काढा, खिडकीजवळची जमीन मऊ उजेडात ठेवा आणि तिथून आत येताना हळूहळू उतरवा. कवडसा पांढराफटक असेल तर तो नुसता गडद करून भागणार नाही, त्याखालच्या फरशीचा तपशीलच उरलेला नसतो. तो शेजारच्या सावलीतल्या फरशीवरून घ्यावा लागेल.

आडव्या_पट्ट्या

एवढ्या भानगडीपेक्षा आडव्या पट्ट्यांचे ब्लाइंड्स लावा. चुण्या नाहीत, थर नाहीत. एक पट्टी काढली की खाली खाली प्रती करत जायचं. वरून जमिनीवर पट्ट्यांची सावली टाकली की काम फत्ते.

कवडसा

त्यातही दोन ठिकाणी घसरायला होतं. सगळ्या पट्ट्या एकसारख्या दिसतच नाहीत. डोळ्याच्या वरच्या पट्ट्यांचा खालचा भाग दिसतो, खालच्यांचा वरचा, आणि डोळ्याच्या पातळीवर आडवी ठेवलेली पट्टी नुसती रेघ होते. एकाच पट्टीच्या प्रती केल्या तर ते फसतं.

दुसरं सावलीचं. सूर्य ठिपका नाही, त्याची तबकडी आकाशात अर्धा अंश रुंद दिसते. म्हणून सावलीची कड अंतराच्या साधारण ११०व्या भागाइतकी धूसर होते. पट्टीपासून २ मीटरवर ती जवळपास २ सेंटीमीटर. पट्ट्या २५ मिलिमीटरच्या असतील तर सावल्या एकमेकींत विरघळून जातात. ५० मिलिमीटरच्या असतील तर दिसतात, मात्र मऊ कडांच्या. बारीक ब्लाइंड्स आणि खोलीभर चाकूने कापल्यासारख्या सावल्या, हे खोटं.

आडव्या_पट्ट्या

खिडकीच्या अगदी जवळच्या जमिनीवर तरी तीक्ष्ण असतात ना?

कवडसा

तिथे नक्कीच जास्त तीक्ष्ण. जवळून लांब जाताना धूसर होत जातात. असा फरक दाखवलात तर मी तुमच्या बाजूने.

पाटीपेन्सिल

दोन दिवसांनी सांगतोय. बाजारातला फोटो टाकून दिला. घरातलं पातळ पांढरं कापड निऱ्या घालून खिडकीला टांगलं आणि मागून उजेड असताना, खिडकी पांढरी होणार नाही इतकं अंधारं टिपलं. त्यातून नुसता करडा नकाशा काढला: एक थर उजळ, दाट भाग काळा. मूळ फोटो फोटोशॉपच्या `Image > Mode > 32 Bits/Channel` मध्ये नेला, खिडकी ३ स्टॉप वर उचलली आणि त्यावर हा नकाशा `Multiply` केला. पांढऱ्याच्या वरची प्रखरता आता टिकते, त्यामुळे चौकटीचे गज कापडामागे मऊ दिसतात आणि चुण्यांच्या फक्त बाजू उमटतात.

कवडशाची जागा फरशीने भरली. भिंतीवर किंचित क्रीम छटा दिली. घरच्यांना दाखवल्यावर कुणी पडद्याबद्दल बोललंच नाही, सोफ्याबद्दल बोलले.

पण मोरपंखींचा मुद्दा माझ्याही मनात अडकलाय. मधला भाग जवळजवळ कोराच आहे. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांनी विचारलं, "कापडाचं विणकाम दिसेल का?" मी खिडकी ३ऐवजी २ स्टॉपवर आणली, आता दोन थरांच्या चुण्यांनाही पांढऱ्याच्या खाली यायला फार उरत नाही. त्यांना तो आवडला. मला पहिला जास्त खरा वाटतो.

मोरपंखी

दुसराच पाठवा.

कवडसा

२ स्टॉपवर नेलात तर खोलीही तेवढ्याच हिशोबाने थोडी उतरवा, निदान खिडकीजवळची भिंत आणि छताची ती कड. नाहीतर उजेड कमी झालेल्या खिडकीतून जुनाच लख्ख उजेड आत येत राहील.

पन्हा_दुप्पट

आणि खालची दुमड विसरू नका. तिथे कापड दुहेरी असतं, म्हणून मागून उजेड असताना तळाला सगळ्या रुंदीभर एक गडद पट्टा दिसतो. नुसतं कापड टांगलं असेल तर तो तुमच्या नकाशात आलाच नसणार.