बजेट ५०० अन् कापले २०००?

> सांगलीत हळद विकतो, गुगल अ‍ॅड्सला रोजचं बजेट ५०० आहे तरी कार्डातून एकदम २००० गेले, असं कसं?

भाऊ, ते २००० एका दिवसाचे नाहीत. खर्च साठत जातो आणि ठरलेल्या रकमेला, म्हणजे थ्रेशोल्डला टेकला की एकदम कापतात, तुमचा थ्रेशोल्ड २००० असणार, म्हणजे तीन-चार दिवसांचा खर्च. पुढं हा थ्रेशोल्ड वाढतो पण, तेव्हा मोठा आकडा दिसला तर दचकू नका. नाहीच टेकला तर उरलेले १ तारखेला जातात.

दुसरं, ५०० ही सरासरी आहे हो, गिऱ्हाईक जास्त शोधत असलं की एका दिवसात १००० पण जातात, मात्र बजेट मधेच बदललं नाही तर महिन्याला ५०० गुणिले महिन्याचे सरासरी ३०.४ दिवस म्हणजे १५,२०० च्या वर जाहिरातीचा खर्च घेत नाहीत. बँकेचा मेसेज सोडा, कॅम्पेनमधला तारीखवार खर्च बघा.