एस्तेर राणी तीन दिवस गप्प बसली होती का?

मंडळीतला भाऊ: काल उपासनेत पाळकसाहेबांनी एस्तेर राणीवर उपदेश दिला, मन भरून आलं. सार एवढंच की तिने तीन दिवस उपवास प्रार्थना केली आणि देवाने दार उघडलं. आपण उगाच घाई करतो. प्रार्थना करा, गप्प राहा, देवाची वेळ आली की सगळं होतं. शुक्रवारपासून आमच्याकडे तीन दिवसांचा एस्तेर उपवास आहे, अन्नपाणी काही नाही. तुम्हाला काय वाटतं?

नगरची मावशी: भाऊ, राग मानू नका पण हे "गप्प राहा" कुठल्या अध्यायात आहे ते दाखवा. एस्तेर यहुदी, राजाचा बडा सरदार हामान याने राज्यातले सगळे यहुदी मारायचा हुकूम काढला, तेव्हा तिला वाढवणारा चुलतभाऊ मर्दखय तिला नेमकं उलट सांगतो, या वेळी तू गप्प राहिलीस तर यहुद्यांची सुटका दुसरीकडून होईल, पण तू आणि तुझ्या बापाचं घराणं बुडेल. चौथा अध्याय क्रमाने वाचा. आधी ती सेवक हथाककडून निरोप पाठवते की न बोलावता आतल्या चौकात गेलं की मरण, राजाने सोन्याचा राजदंड पुढे केला तरच जीव वाचतो, आणि मला तीस दिवस बोलावणं नाही. मग मर्दखयाचा तो निरोप येतो. मग ती ठरवते. आणि ठरवल्यावर राजधानी शूशनमधल्या सगळ्या यहुद्यांना उपवास करायला सांगते, त्याच दमात म्हणते की यानंतर मी नियम मोडून राजाकडे जाईन, मेले तर मेले. म्हणजे जायचं की नाही यासाठी तो उपवास नव्हताच, जायचं ठरलं होतं म्हणून होता.

आणि गेल्यावर काय केलं ते बघा ना. राजवस्त्रं घालून सिंहासनावरून दिसेल अशा जागी उभी राहिली. राजा अर्धं राज्य माग म्हणतो तरी ती मागत नाही, हामानाला घेऊन जेवायला या म्हणते. का? कारण तो हुकूम राजाच्याच नावाने निघाला होता, त्याच्याच अंगठीची मोहोर होती त्यावर. भरदरबारात बोलली असती तर हामानाइतकाच राजाही उघडा पडला असता आणि असा राजा कोणाची बाजू घेतो हे आधीची राणी वश्ती हिचं काय झालं त्यावरून तिला माहीत होतं. जेवणाला मोजकी माणसं, हामान समोरच, आणि राजा दोनदा तिनदा शब्द देऊन बसलेला. मग आधी स्वतःचा जीव मागितला, नंतर लोकांचा, आणि हामानाचं नाव राजाने "कोण तो" असं विचारल्यावरच घेतलं. एवढं डोकं चालवलेल्या बाईला उपदेशात नुसती गुडघ्यावर बसवून ठेवतात याचा मला खरंच त्रास होतो.

कोकणवाला: मावशी, डोकं चाललं म्हणता पण पहिल्या जेवणाला काही न मागता उद्या परत जेवायला या म्हणाली, एक रात्र पुढे ढकलली त्याचं काय? पहिल्या जेवणावरून हामान खुशीत निघाला, दारात मर्दखय उठला नाही म्हणून चिडला, घरी बायकोने आणि मित्रांनी सांगितलं म्हणून त्याच रात्री पन्नास हात उंच खांब उभा केला. सकाळी राजाकडे आला तो मर्दखयाला फाशी द्यायची परवानगी मागायलाच! राजाला झोप लागली नाही, बखर वाचायला घेतली, त्यात मर्दखयाने राजाला मारायचा कट उघड केल्याची नोंद निघाली, म्हणून तो वाचला. एस्तेरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या प्लॅनिंगने मर्दखय जवळजवळ मेलाच होता. त्यामुळे देवाची वेळ म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत. शेवटी हामान लटकला आणि हुकूम रद्द झाला, विषय संपला.

नगरची मावशी: खांबाचं बरोबर आहे, तेवढं देते तुम्हाला. पण हुकूम रद्द झाला हे साफ चूक. आठवा अध्याय वाचा, राजाच्या नावाने मोहोर लागलेला हुकूम राजालाही मागे घेता येत नाही. हामान मेला तरी अदार महिन्याची तेरावी तारीख तशीच होती. म्हणून एस्तेर पुन्हा गेली, राजाच्या पायावर पडून रडली, पुन्हा राजदंड पुढे झाला. तेव्हा दुसरा हुकूम निघाला की यहुद्यांनी त्या दिवशी एकत्र येऊन स्वतःचा बचाव करावा. लोकांसाठीची खरी विनवणी ही दुसरी, आणि तिच्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही.

वसईकर: सगळे प्रार्थना नाही प्रार्थना नाही करताय, आमच्या कॅथलिक बायबलात एस्तेरची लांबलचक प्रार्थना आहे. मर्दखयाचीही आहे. राजासमोर ती घाबरून बेशुद्ध पडते आणि देव राजाचं मन मऊ करतो हेही आहे. तुम्ही लोकांनी ते भाग काढून टाकलेत आणि आता विचारताय प्रार्थना कुठंय.

नगरची मावशी: काढून टाकले नाहीत, ते ग्रीक प्रतीतले आहेत. हिब्रूत तर देवाचं नावसुद्धा येत नाही.

वसईकर: तुमच्या हिब्रूत नाही म्हणजे तिने केली नाही असं होतं का? उपवास करणारी बाई प्रार्थना करणार नाही तर काय करेल?

सोलापूरची लेक: तुमचं ग्रीक हिब्रू चालू द्या. मला फक्त त्या शुक्रवारच्या उपवासाबद्दल बोलायचंय. माझ्या आईला शुगर आहे. एका मंडळीत असाच एस्तेर उपवास होता, पाणीसुद्धा नाही, आणि गोळी घेतली तर विश्वास कमी असं सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशी गोळीही सोडली. संध्याकाळी बोलणं अडखळायला लागलं, आम्ही दवाखान्यात नेलं. नंतर प्रमुख भाऊ भेटायला आले ते म्हणाले एक दिवस अजून तग धरायला हवा होता. मला अजून संताप येतो लिहिताना.

मंडळीतला भाऊ: ताई वाईट वाटलं, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्याकडे कोणावर जबरदस्ती नाही.

सोलापूरची लेक: शंभर माणसांत एकटीनेच पाण्याचा ग्लास उचलायचा ही जबरदस्ती नाही? शुगरवाल्यांनी, गरोदर बायकांनी करू नये असं तुमच्या पाळकांनी स्टेजवरून सांगितलं का, हो की नाही एवढंच सांगा.

लोदहून: शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आजोबा अलिबागकडचे, या सुटकेच्या सणाला, पुरीमला, घरात होळीचा सणच म्हणायचे. आमच्याकडे एस्तेरचा उपवास पुरीमच्या आदल्या दिवशी, पहाटेपासून रात्र पडेपर्यंत, बस. आजारी माणसाला, गरोदर बाईला तो करायला लावत नाहीत. आणि ते तीन दिवसही धड बहात्तर तास नव्हते, ती तिसऱ्या दिवशीच राजाकडे गेली ना.

अजून एक सांगतो. हामानाचा हुकूम निसान महिन्याच्या तेराव्या दिवशी लिहिला गेला, म्हणजे तिचा उपवास वल्हांडणावर आला. आमच्या जुन्या रब्बींनी सांगितलंय की मर्दखयाने हरकत घेतली, सणाच्या दिवशी उपवास कसा? तर ती म्हणाली इस्राएलच राहिला नाही तर वल्हांडण कोणासाठी. हुकमाची तारीख अकरा महिने लांब होती, निवांत सण करून गेली असती तरी चाललं असतं. ती थांबली नाही, त्याच आठवड्यात गेली. बाकी तिने प्रार्थना केली यात आम्हाला शंका नाही, त्यामुळे वसईकरांशी माझं भांडण नाही.

कोकणवाला: मग नवव्या अध्यायावर पण बोला की. शूशनात पाचशे मेल्यावर हीच राणी अजून एक दिवस मागते आणि आणखी तीनशे मरतात. त्याला पण धैर्य म्हणायचं?

लोदहून: यहुद्यांवर हल्ला करायचा हुकूम त्या मेलेल्यांच्या हातात होता हो. आणि लुटीला हात लावला नाही हे तिथे तीनदा लिहिलंय.

कोकणवाला: दुसऱ्या दिवसाला तो हुकूम नव्हता. तो दिवस तिने मागून घेतला. मला नाही पटत.

मंडळीतला भाऊ: विषय कुठल्या कुठे गेला. ठरवल्यानंतर उपवास, हे मावशींचं मान्य, वचन परत वाचलं. पण खांबाच्या त्या रात्री राजाची झोप कोणी उडवली याचं उत्तर मावशींनी दिलेलं नाही. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, स्टेजवरून सांगितलेलं नाही. मी आज पाळकांना फोन करतोय.

सोलापूरची लेक: शुक्रवारच्या आत करा. आणि नुसतं त्यांच्या कानावर घालू नका, सगळ्यांसमोर माइकवरून सांगायला लावा.