बाटलीवरचा डोस फोटोतून वाचावा का? ४.४ चं ४४ कसं झालं

तूरवाला (जिंतूर)
तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आलीय. भावानं परभणीहून इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्केवाल्या बाटलीचा फोटो पाठवला, फोनमधल्या ॲपनं त्यातला मजकूर काढून दिला तर १० लिटर पाण्याला ४४ ग्रॅम. संध्याकाळी बाटली हातात आली तर तिच्यावर ४.४. फोटो चांगला स्वच्छ हाय, पण झूम करून बघितलं तरी टिंब दिसंना. माझं म्हणणं, औषधाचा डोस फोटोतून वाचणं बंदच करावं. तुम्हाला काय वाटतं?

स्कॅनिंगवाला (संभाजीनगर)
बंद कशाला दादा, फोटो नीट काढला तर वाचता येतं. जुन्या दप्तरांच्या स्कॅनिंगचं काम करतो म्हणून थोडं सांगतो. फोटो स्वच्छ दिसायलाय तो मधे, आकडा काठाला असणार. बाटली गोल हाय, त्यामुळं समोरचं अक्षर पूर्ण रुंद दिसतं आणि जसं बाजूला जावं तसं ते दबत जातं. मधून ४५ अंशावर अक्षराची रुंदी सत्तर टक्क्यांवर येते, ६० अंशावर बरोबर निम्मी, ७५ वर पावच उरते. उंची मात्र तेवढीच राहते म्हणून आपल्याला वाटतं की अक्षर तर दिसतंय. आता ४.४ मधलं टिंब आधीच बारीक, त्याच्या दोन्ही बाजूची जागाही बारीक. ती निम्मी झाली की दोन्ही ४ एकमेकांना चिकटतात, टिंब त्यांच्या मधल्या सावलीत जातं. त्यात फोन अगदी जवळ धरला असंल तर बाटलीचा काठ पोटापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर मागं राहतो, फोकस पोटावर लागतो आणि काठ थोडा पुसट येतो. दबलेलं आणि पुसट दोन्ही एकदम झालं की टिंब गेलंच. ॲपनं ४४ वाचलं कारण फोटोत ४४ च होतं.

कृषी केंद्र, जालना
मी तूरवाल्या दादांच्या बाजूनं. आमच्याकडं रोज कुणी ना कुणी फोनवर फोटो दाखवतं, हे किती टाकू म्हणून, अन् अर्ध्या फोटोत डोसचा रकाना वळून पलीकडं गेलेला असतो. बाटलीबरोबर माहितीपत्रक येतं, १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ते आत ठेवायचंच असं हाय. सपाट कागद, पूर्ण तक्ता, पीक, कीड, हेक्टरी मात्रा, पाणी, काढणीआधी थांबायचे दिवस, सगळं एका ओळीत. ते उघडायचं सोडून गोल बाटलीचे फोटो कशाला पाठवायचे?

तूरवाला (जिंतूर)
पत्रक खोक्यात राहिलं अन् खोकं भावानं दुकानातच सोडलं. गावाकडं हेच होतं साहेब. अन् पत्रक मिळालं तरी त्याला इतक्या घड्या की अक्षर घडीवरच येतं.

लातूरचा विक्या
एवढं काय त्यात, ॲप स्कॅनरचं वापरायचं ना. तिरका फोटो काढला तरी चार कोपरे पकडून सरळ करून देतं, मी कॉलेजच्या नोट्स सगळ्या असंच करतो, बेंचवर बसून फळ्याचा तिरका फोटो पण सरळ होतो. आणि कॅमेरा चांगला पाहिजे, ५० मेगापिक्सेलवाला असला की टिंब कुठं जातंय.

स्कॅनिंगवाला (संभाजीनगर)
विक्या, फळ्याचं तुझं बरोबर हाय, बाटलीचं नाही. फळा सपाट हाय. सपाट गोष्ट तिरकी दिसली तर चार कोपऱ्यांवरून ती पूर्ण सरळ करता येते, कारण सगळ्या फळ्याला एकच नियम लागतो. बाटलीवर दर मिलीमीटरला उतार बदलतो, चार कोपरे धरून ओढलं तर बाहेरची चौकट सरळ होईल अन् आतली अक्षरं तशीच दबलेली राहतील. दंडगोल उलगडून देणारे प्रोग्राम असतात, तेही मी वापरलेत. ते काठ ताणून अक्षर रुंद करतात, पण फोटोत टिंबाला जागाच मिळाली नसंल तर ताणल्यावर रुंद ४४ मिळंल, ४.४ नाही. मेगापिक्सेलचा थोडा फायदा होतो हे मान्य. पण काठाचा पुसटपणा फोकसचा हाय, तो जास्त मेगापिक्सेलनं जात नाही.

आणि अजून एक, जे टिंबापेक्षा वाईट. बाटली जमिनीवर ठेवून उभ्यानं वरून फोटो काढला की ओळी वाकतात, मधला भाग खाली अन् दोन्ही टोकं वर. ७ सेंटीमीटर जाडीची बाटली धरा आणि फोन ३० अंश वरून. मधून ६० अंशावर असलेलं ओळीचं टोक मधल्या भागापेक्षा जवळपास ९ मिलीमीटर वर चढलेलं दिसतं. लेबलवरच्या ओळी एकमेकींपासून ३ मिलीमीटरवर असल्या तर म्हणजे तीनेक ओळींचा फरक. ॲप ओळ सरळ समजून चाललं तर ‘तूर’ हा शब्द मधून घेतं आणि उजवीकडचा आकडा खालच्या कुठल्यातरी पिकाचा घेतं, कारण खालच्या ओळीचं टोक तिथपर्यंत वर आलेलं असतं. चांगली ॲपं आता वाकानुसार ओळ धरतात, पण तक्त्यात रकान्यांच्या मधे मोकळी जागा असते, तिथं ओळ तुटते आणि पुढं भलतीच जोडली जाते.

हिंगोलीचा शेतकरी
आमच्या हरभऱ्यावर पण घाटे अळी हाय, तिला पण ४.४ च का? अन् दुसरं औषध मिसळलं तर चालंल का

कृषी केंद्र, जालना
विद्यापीठाच्या शिफारशीत घाटे अळीला पण १० लिटरला ४.४ ग्रॅमच येतं. मिसळायचं इथं कुणाला विचारू नका भाऊ, तुमच्या कृषी सहायकांना विचारा.

ग्रंथालयवाल्या ताई (नांदेड)
विषय औषधाचा चाललाय पण आमचं अगदी हेच झालंय म्हणून लिहिते. पुस्तकांची यादी करायची होती तर कुणीतरी सुचवलं की कपाटांचे फोटो काढा, पुस्तकाच्या पाठीवरची नावं ॲप वाचून देईल. वेळ वाचला हे खरं. पण ‘शेती’ची ‘शती’ झाली, आणि एकदा यादीत शती गेलं की शेती शोधल्यावर ते पुस्तक सापडत नाही, कपाटात असून नसल्यासारखं. माझं निरीक्षण असं की पाठीवर नाव पाठीच्या लांबीनं आडवं लिहिलेलं असतं, म्हणून वाक अक्षराच्या रुंदीला नाही तर उंचीला लागतो. जाड बांधणीच्या पुस्तकाची पाठ गोल असते, आणि आपल्या अक्षराची मात्रा, वेलांटी, अनुस्वार वर, उकार खाली, म्हणजे नेमकं जे महत्त्वाचं ते दोन्ही वळणांवर. मधलं अंग शाबूत राहतं. सपाट पाठीच्या पातळ पुस्तकांत ही चूक क्वचित येते, तिथं दुसरंच होतं, कपाटाच्या एका टोकाला उभं राहून फोटो काढला तर लांबच्या पाठी काडीएवढ्या होतात. मग आम्ही एका फोटोत हातभर रुंदीपेक्षा जास्त पुस्तकं घेत नाही असं ठरवलं. तरीही मात्रा हातानंच तपासाव्या लागतात. त्यामुळं स्कॅनिंगवाले म्हणतात तसं ‘नीट काढला तर वाचता येतं’ हे मला पूर्ण पटत नाही.

स्कॅनिंगवाला (संभाजीनगर)
ताई, उंचीला दाब बसतो ही गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीय. गोल पाठीला मी दोन फोटो सुचवीन, एक थोडा डावीकडून, एक उजवीकडून, म्हणजे वरची मात्रा एकात समोर येईल आणि उकार दुसऱ्यात. हजारो पुस्तकांना ते शक्य नाही हे कळतं.

गणितवाल्या बाई (अंबाजोगाई)
सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं शब्द आणि आकडा यात फरक करायला पाहिजे. शती वाचलं की वाचणाऱ्याला खटकतं, ॲपलासुद्धा शेजारच्या शब्दांवरून अंदाज येतो. ४४ कुणालाच खटकत नाही, तो पण एक चांगला आकडाच आहे. म्हणून आकडा नुसता वाचायचा नाही, लेबलवरच्या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघायचा. इथेच बघा. तुरीला हेक्टरी २२० ग्रॅम आणि पाणी ५०० लिटर. २२० भागिले ५००, लिटरला ०.४४ ग्रॅम, म्हणजे १० लिटरला ४.४. जुळलं. ४४ धरलं असतं तर १५ लिटरच्या एका पंपाला ६६ ग्रॅम, १०० ग्रॅमची बाटली दीड पंपात संपली असती. खऱ्या डोसनं पंपाला ६.६ ग्रॅम, आणि एकराला साधारण नव्वद ग्रॅम लागतं, म्हणजे बाटलीत जेमतेम एकर होतो. बाटलीत किती एकर होतं हे शेतकऱ्याला औषध घेतानाच माहीत असतं, तिथंच चूक पकडली जाते. एवढा हिशोब येत असेल तर फोटोतून वाचायला हरकत नाही असं माझं मत.

तूरवाला (जिंतूर)
बाई हिशोब पटला. पण ते २२० सुद्धा त्याच वाकड्या फोटोतून आलंय ना? ओळ घसरली तर तूर सोडून दुसऱ्याच पिकाची मात्रा येईल, अन् तिला पाण्याचा आकडा पण तिच्याच ओळीतला, भागाकार बरोबर जुळंल अन् डोस चुकीच्या पिकाचा.

गणितवाल्या बाई (अंबाजोगाई)
हो, तसं होऊ शकतं. पूर्ण ओळच्या ओळ घसरली तर भागाकारानं पकडता येणार नाही, एकच आकडा बिघडला तरच येतं. पिकाच्या नावापासून आकड्यापर्यंत बोट ठेवून डोळ्यानं जायलाच पाहिजे.

स्कॅनिंगवाला (संभाजीनगर)
म्हणून म्हणतो, फोटो काढणाऱ्याला सांगायचं. बाटली फळीवर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवायची, फोन लेबलच्या उंचीला, दीड फूट लांब, अन् झूम दुप्पट. लांबून झूम केलं की काठ अन् पोट दोन्ही फोकसमधे येतात. मग फोन हलवायचा नाही, बाटलीच फिरवायची. फक्त मधल्या ४५-४५ अंशातलं वाचायचं ठरवलं तर एका फोटोत लेबलचा पाव घेर, ७ सेंटीमीटरच्या बाटलीला साडेपाच सेंटीमीटर. पूर्ण घेराला चार फोटो, पण दोन फोटोंत थोडं सारखं यायला पाहिजे म्हणून सहा काढा. उजेड समोरून नको, चमकेचा उभा पट्टा अक्षरांवर येतो, बाजूच्या सावलीत काढा. अन् तोच आकडा दोन फोटोंत आला तर दोन्हीकडं एकच वाचला जातो का ते बघा. एकात ४४ अन् दुसऱ्यात ४.४ आलं की समजायचं कुठला काठावरचा हाय.

लातूरचा विक्या
व्हिडिओ काढून बाटली सावकाश फिरवली तर? प्रत्येक वेळी मधली पट्टीच बघायची.

स्कॅनिंगवाला (संभाजीनगर)
चालतं, मी पण करतो. फक्त लई हळू फिरव, नाहीतर अक्षर हलून पुसट येतं, आणि पाठवताना व्हिडिओची क्वालिटी कमी होते ते वेगळंच.

कृषी केंद्र, जालना
सहा फोटो, दीड फूट, सावली, हे शेतात घाईत कोण करायलंय सर. फवारणीच्या दिवशी पंपवाला सकाळी सातला येऊन उभा असतो. माझं मत कायम हाय. पत्रक मागून घ्या, अन् ते नसंल तर दुकानदाराकडून बिलाच्या मागं डोस अक्षरी लिहून घ्या, चार पूर्णांक चार दशांश ग्रॅम असा. अक्षरी लिहिलेल्यात टिंब हरवत नाही.

तूरवाला (जिंतूर)
अक्षरी लिहून घेणं हे आवडलं, उद्या भावाला सांगतो. फोटोचं मात्र मी अजून नाहीच म्हणतो. बाईंसारखा हिशोब करणारे आमच्या वस्तीवर थोडे, अन् ज्याला हिशोब येत नाही तोच फोटो पाठवून विचारतो.

गणितवाल्या बाई (अंबाजोगाई)
मग त्याला फोटोऐवजी बाटली घेऊन शेजारी जायला सांगा, ते मलाही मान्य. पण ज्याचा भाऊ परभणीला आणि शेत जिंतूरला, त्यानं काय करायचं ते अजून कुणी सांगितलं नाही.