तोंडी, लेखी आणि अंतिम ताकीद: पत्रातील शब्दयोजना

«आमच्या कारखान्यात एक कामगार वारंवार उशिरा येतो. तोंडी, लेखी आणि अंतिम ताकीद यांत फरक काय, आणि पत्रात काय लिहावे?»

तोंडी ताकिदीचे पत्र नसते. मात्र पर्यवेक्षकाने त्याच दिवशी तारीख, झालेले बोलणे आणि कामगाराने सांगितलेले कारण यांची दोन ओळींची नोंद ठेवावी, कारण पुढच्या पत्राचा आधार तीच असते.

लेखी ताकीद देण्यापूर्वी खुलासा मागवावा. पत्रात ‘आपण नेहमी उशिरा येता’ असे मोघम लिहू नये. ‘दि. 3, 9 व 14 रोजी आपण अनुक्रमे 25, 40 व 30 मिनिटे उशिरा आलात. आपला खुलासा समाधानकारक नाही. यापुढे पाळीच्या वेळेवर हजर राहावे’ असे लिहावे आणि पोच घ्यावी. पोच नाकारल्यास दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

खरी चूक अंतिम पत्रात होते. ‘पुन्हा उशीर झाल्यास कोणतीही चौकशी न करता कामावरून काढण्यात येईल’ हे वाक्य धमकी म्हणून भारदस्त वाटते, पण बडतर्फीपूर्वी आरोपपत्र आणि चौकशी लागतेच, त्यामुळे ते वाक्य मालकाच्याच अंगलट येते. त्याऐवजी आधीच्या ताकिदींच्या तारखा देऊन ‘पुनरावृत्ती झाल्यास स्थायी आदेशांनुसार शिस्तभंगाची कारवाई सुरू करण्यात येईल’ असे लिहावे. ज्या उशिरांबद्दल ताकीद देऊन झाली, त्यांच्यासाठी पुन्हा वेगळी शिक्षा देता येत नाही. नव्या आरोपपत्रात ते पूर्वेतिहास म्हणूनच नमूद करावेत.