फ्युएल सेल म्हणजे मोठी बॅटरीच ना?

रानवारा

हायड्रोजन फ्युएल सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड, मध्ये इलेक्ट्रोलाइट आणि बाहेर डीसी करंट. बॅटरीतही तेच. एक विजेने भरायची, दुसरी हायड्रोजनने. मग ही मोठी बॅटरीच नाही का? वेगळं मत असेल तर कारणासकट मांडा.

विद्युल्लता

नाही. दोन्हींत खर्च होणारा माल कुठे बसलेला असतो, ते बघा.

शिशाच्या बॅटरीत प्लेट हाच माल असतो. करंट घेत गेलात की प्लेटवरचं शिसं बदलून लेड सल्फेट होतं. प्लेट संपत आली की बॅटरी संपत आली. म्हणून दुप्पट वेळ हवा असेल तर दुप्पट प्लेटा लागतात, म्हणजे दुप्पट बॅटरी.

फ्युएल सेलचे इलेक्ट्रोड म्हणजे कार्बनवर बसवलेले प्लॅटिनमचे बारीक कण. हायड्रोजन बाहेरून येतो, तिथे फुटतो, ऑक्सिजनला भेटून पाणी होतो आणि निघून जातो. इलेक्ट्रोड होता तसाच राहतो. झिजतो, पण खर्ची पडत नाही.

एक हिशोब मांडते. 50 सेल एकाला एक जोडून रचलेला स्टॅक आहे, 100 अँपिअर लोड आहे आणि प्रत्येक सेल 0.65 व्होल्ट देतोय. स्टॅकवर 32.5 व्होल्ट, म्हणजे 3.25 किलोवॅट. एवढ्या करंटला तासाला सुमारे 188 ग्रॅम हायड्रोजन लागतो. टाकीत 5 किलो असेल तर साडेसव्वीस तास चालेल. दुसरी तेवढीच टाकी जोडली की त्रेपन्न तास, आणि स्टॅकमध्ये एक सेलही वाढवावा लागत नाही. उलट दुप्पट किलोवॅट हवे असतील तर स्टॅक वाढवावा लागेल, टाकी तीच चालेल, फक्त निम्म्या वेळात संपेल. किती जोर आणि किती वेळ, हे दोन आकडे इथे एकमेकांपासून सुटे होतात. बॅटरीत ते एकाच प्लेटला बांधलेले असतात.

शिवाय याच स्टॅकला मिनिटाला 180 लिटरच्या आसपास हवा पुरवावी लागते, तासाला जवळपास 1.7 किलो पाणी बाहेर काढावं लागतं आणि विजेइतकीच, म्हणजे 3 किलोवॅट उष्णता वाहून न्यावी लागते. सगळं एकाच वेळी, सतत. ब्लोअर आणि पंपाला लागणारी वीज त्या 3.25 मधूनच जाते. मला हे यंत्र इंजिनाच्या जवळचं वाटतं.

त्रिज्या

मी रानवाराच्या बाजूने आहे. विल्यम ग्रोव्हने 1842 मध्ये हे उपकरण मांडलं तेव्हा त्याला गॅस बॅटरीच म्हटलं होतं. आणि तुम्ही फक्त अर्धं यंत्र बघताय. इलेक्ट्रोलायझर, टाकी आणि स्टॅक हे तिन्ही एका पेटीत ठेवा. पेटीला दोन तारा. आत वीज घाला, हायड्रोजन बनेल. मागा, वीज परत येईल. बाहेरून बघणाऱ्याला ती बॅटरीच आहे. आत काय चाललंय याच्याशी त्याला काय करायचं?

विद्युल्लता

पेटीची गोष्ट मान्य. वीज साठवायची व्यवस्था म्हणून ती बॅटरीचंच काम करते. पण मग बॅटरी ती अख्खी पेटी झाली, त्यातला फ्युएल सेल नव्हे. तो पेटीचा फक्त बाहेर जायचा दरवाजा आहे.

आणि वापरणाऱ्याला आतलं कळतंच, वीजबिलातून. एक किलो हायड्रोजन बनवायला इलेक्ट्रोलायझर साधारण 50 ते 55 युनिट खातो. वरच्या हिशोबातला स्टॅक किलोमागे सव्वासतराच्या आसपास युनिट परत देतो, तेही ब्लोअरची वीज वजा करण्याआधी. म्हणजे घातलेल्या विजेचा तिसराच हिस्सा हाती येतो. लिथियम बॅटरी दहातली साडेआठ-नऊ परत देते. आत काय आहे हे न बघता पेटी विकत घेणाऱ्याला हा फरक रोज भोवेल.

रानवारा

तरी एक मुद्दा उरतोच. टाकी संपली की फ्युएल सेल बंद, चार्ज संपला की बॅटरी बंद. शेवट सारखाच आहे ना?

दीर्घवर्तुळ

शेवट सारखा नाही. एप्रिल 1970 मधलं अपोलो 13 बघा.

सर्व्हिस मॉड्यूलमध्ये तीन फ्युएल सेल होते. ऑक्सिजनची दुसरी टाकी फुटली, त्या धक्क्याने दोन सेलकडे जाणारा पुरवठा बंद पडला, आणि पहिल्या टाकीतलाही ऑक्सिजन गळून गेल्यावर तिसराही थांबला. हायड्रोजन शिल्लक होता. पण ऑक्सिजन नाही म्हणजे सेलला देण्यासारखं काहीच नाही. फ्युएल सेलच्या पोटात राखीव साठा नसतोच.

मग यान तगलं ते चांद्रयानाच्या, म्हणजे चंद्रावर उतरायला सोबत जोडलेल्या यानाच्या, चांदी-जस्ताच्या बॅटऱ्यांवर. त्या बंद डब्यातल्या होत्या, त्यामुळे टाक्या गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. लोड कमी करत करत त्यांनी घरापर्यंत पोचवलं. पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणाऱ्या कमांड मॉड्यूलच्या बॅटरीतून सुरुवातीच्या धांदलीत बराच चार्ज गेला होता. तो चांद्रयानाच्या बॅटऱ्यांमधून परत भरून घेतला. बॅटरीला असं उलटं भरता येतं. त्या मेलेल्या फ्युएल सेलना कितीही वीज दिली असती तरी ऑक्सिजनची टाकी भरली नसती.

पिण्याचं पाणीही त्या सेलमधूनच यायचं. सेल थांबले तसं पाणीही थांबलं. बॅटरी संपल्याने कुणाचं पाणी बंद होत नाही.

पाना_पक्कड

चर्चेशी थेट संबंध नसेल कदाचित, पण माझा प्रश्न इथेच बसेल असं वाटतं. 48 व्होल्टच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी काढून तिथे 50 सेलचा स्टॅक जोडला आहे. मोकळा असताना मीटर 47 दाखवतो. थोडा लोड टाकला की 42 च्या खाली येतो आणि इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून बंद पडतो. टाकी भरलेली आहे. स्टॅक डिस्चार्ज झाला असेल का? इन्व्हर्टरमध्येच चार्जर आहे, मेन्स लावून रात्रभर ठेवू का?

विद्युल्लता

ठेवू नका. आधी स्टॅक आणि इन्व्हर्टर यांच्यातली तार सोडवा, मग पुढचं वाचा.

स्टॅक डिस्चार्ज झालेला नाही, तो व्यवस्थित आहे. मोकळ्या सेलला 0.95 व्होल्टच्या आसपास मिळतात, 50 सेलचे 47. करंट वाढेल तसं व्होल्टेज पडत जातं, पूर्ण लोडला 0.65 पर्यंत येतं, म्हणजे 32-33. लोड काढला की लगेच वर जातं. बॅटरीत व्होल्टेज घसरलं याचा अर्थ बहुतेक वेळा माल संपत आला असा लावतात आणि इन्व्हर्टरची 42 ची मर्यादा त्याच समजुतीवर ठेवलेली आहे. इथे 42 म्हणजे सेलमागे 0.84. तिथे स्टॅक क्षमतेचा लहानसा हिस्साच देत असतो. टाकीत किती उरलं ते व्होल्टेजवरून कळणार नाही, टाकीचा दाब बघावा लागेल.

आता चार्जरचं. चार्जर 54 व्होल्ट लावून स्टॅकमध्ये उलटा करंट ढकलेल. भरायला आत काही नाहीच. हवेच्या बाजूचा इलेक्ट्रोड इतक्या वर ओढला जातो की प्लॅटिनम ज्या कार्बनवर बसलंय तो कार्बनच पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड होत जातो. कण सुटतात, तो थर खचतो आणि मग पाणी त्यात अडकून राहतं. हे परत दुरुस्त होत नाही. इलेक्ट्रोलायझरमध्ये त्या बाजूला कार्बनऐवजी इरिडियम आणि टायटॅनियम वापरतात ते याचसाठी.

जोडणी अशी करा. स्टॅकमधून निघाल्यावर लगेच उलटा करंट अडवणारा डायोड, त्यापुढे 28 ते 50 व्होल्ट आत घेऊन बाहेर कायम 54 देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. कन्व्हर्टरला करंटची मर्यादा आणि हळूहळू करंट वाढवायची सोय हवी, कारण ब्लोअरला हवा वाढवायला काही सेकंद लागतात. कन्व्हर्टरच्या पुढे एक छोटी बॅटरी ठेवा. मोटर सुरू होतानाचा झटका ती घेईल आणि इन्व्हर्टरचा चार्जर तिलाच भरेल.

त्रिज्या

म्हणजे शेवटी बॅटरी लागलीच. आणि व्हॅनेडियम फ्लो बॅटरीचं काय? तिथेही माल टाकीतल्या द्रवात असतो, स्टॅक वेगळा, वेळ हवा तर टाकी मोठी करायची. तुमच्या व्याख्येने तो फ्युएल सेल झाला.

विद्युल्लता

बॅटरी लागली कारण तिचं काम वेगळं आहे. माझा मुद्दा तोच आहे.

फ्लो बॅटरीवर तुमचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. मी तिला बॅटरी म्हणते, कारण तोच द्रव त्याच स्टॅकमधून उलटा फिरवून भरता येतो आणि वापरून झाल्यावर बाहेर टाकायला काही उरत नाही. पण टाकी बाहेर असणं हीच कसोटी धरली तर ती फ्युएल सेलच्या बाजूला जाते.

त्रिज्या

मी टाकीचीच कसोटी धरतो. त्यामुळे मला ती रेघ अजूनही ठळक दिसत नाही.

पाना_पक्कड

तार सोडवली. कन्व्हर्टर येईपर्यंत थेट डीसी लोड लावून बघतोय. कडेच्या दोन सेलचं व्होल्टेज 0.3 ते 0.6 असं नाचतंय, बाकीचे 0.68 वर स्थिर आहेत. त्या सेलमधलं प्लॅटिनम गेलं का?

विद्युल्लता

नाचतंय म्हणजे बहुतेक पाणी साचलंय. कडेचे सेल मधल्यांपेक्षा थंड असतात, वाफ तिथे आधी थेंब होते आणि हायड्रोजनची वाट अडते. हायड्रोजनच्या बाजूला साचलेलं बाहेर सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बंद करा. त्या दोन सेलनी लगेच उडी मारून बाकीच्यांची बरोबरी केली तर पाणीच होतं. दोन इलेक्ट्रोडमधल्या इलेक्ट्रोलाइटच्या पडद्यातून हवेच्या बाजूचा नायट्रोजनही हळूहळू हायड्रोजनकडे येऊन साठतो, तोही याच पर्जने जातो, म्हणून तो ठरावीक वेळाने करायचाच असतो.

पडदा सुकला असता तर चित्र उलटं दिसलं असतं: बहुतेक सगळे सेल एकत्र, न नाचता, सावकाश खाली आले असते आणि पर्जने फरक पडला नसता.

पर्ज करताना खिडक्या उघड्या ठेवा आणि नळी बाहेर काढा. एखादा सेल शून्याच्या खाली गेला तर पर्जची वाट न बघता लोड आधी तोडा. शेजारचे सेल त्याच्यातून करंट जबरदस्तीने ढकलत असतात आणि हायड्रोजन मिळत नसल्याने तो स्वतःचा कार्बन खातो. काही मिनिटांत कायमचा निकामी होऊ शकतो.

पाना_पक्कड

पर्ज केला. एक सेल 0.67 वर आला. दुसरा 0.5 वर येऊन थांबलाय, पण आता नाचत नाही.

दीर्घवर्तुळ

दुसऱ्यासाठी लोड निम्मा करून स्टॅक 60 अंशांच्या आसपास तापू द्या, मग परत पर्ज करा. तरीही तिथेच राहिला तर पाणी कारण नाही, मग त्या सेलच्या गॅस्केटची आणि हायड्रोजनच्या गळतीची तपासणी करा. तोवर पूर्ण लोड देऊ नका.