ग्राइंडर मारताना डोळ्यात कण गेला, चोळल्यावर जास्तच खुपतंय. काय करू?

पोलादी: काल संध्याकाळी लोखंडी अँगलला ग्राइंडर मारत होतो. चष्मा होता, पण बाजूने उघडा. उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. चोळला, पाणीही मारलं. आता पापणी मिटली की वरच्या बाजूला खुपतं. उघडा धरला की जरा बरं. आरशात काहीच दिसत नाही. नजर ठीक आहे.

सायकलस्वार: मला तर रोज वाऱ्याने धूळ जाते. बाजूने बंद असलेला गॉगल कोणता चांगला?

जुना फिटर: वरची पापणी केसांना धरून खालच्या पापणीवर ओढा आणि सोडा. खालचे केस कण झाडून काढतात. नाहीच निघाला तर लोहचुंबक फिरवा, आणि बधिर करणारे थेंब घाला, आराम पडतो.

नेत्रसहायक: पापणीचा उपाय बरोबर आहे, पण एकदोनदाच. चुंबक आणि ते थेंब मात्र नकोत. बधिर डोळ्याला वेदना कळत नाही, माणूस पुन्हा चोळतो, आणि हे थेंब सतत घातले तर जखम भरत नाही.

पोलादी, मिटताना खुपतं म्हणजे कण बहुधा वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला, कडेपासून साधारण २ मिमी आत असलेल्या खाचेत अडकलाय. म्हणून आरशात दिसत नाही. प्रत्येक उघडझापीला तो बुबुळावरून वरखाली घासतो. तुम्ही चोळता तेव्हा त्याच कणावर बोटाचा दाब पडतो, सॅन्डपेपर दाबून फिरवावा तसा. पिवळा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं की बुबुळाच्या वरच्या भागात उभ्या हिरव्या रेघा दिसतात. त्या दिसल्या की आम्ही पापणी उलटवतोच.

ग्राइंडरचा कण गरम असतो, तो बुबुळातच रुतूही शकतो आणि लोखंड असेल तर भोवती गंजाचं कडं धरतं. म्हणून आजच दाखवा. हातोडी-छिन्नी मारताना काही उडालं असतं, तर पाणीसुद्धा मारू नका, डोळ्याला हात न लावता थेट डॉक्टर, असं सांगितलं असतं. तो कण आत घुसलेला असू शकतो.

जुना फिटर: आमच्या वेळी पट्टी बांधून झोपायचो, सकाळी बरं वाटायचं.

नेत्रसहायक: छोट्या ओरखड्याला पट्टीने लवकर बरं होत नाही, म्हणून हल्ली बहुतेक बांधत नाहीत. मोठ्या ओरखड्याला काही डॉक्टर अजून बांधतात.

पोलादी: जाऊन आलो. पापणी उलटवली, काळा ठिपका ओल्या कापसाने निघाला. बुबुळावर रेघा आहेत, गंज नाही. मलम दिलंय. पण अजून तसंच खुपतंय! काही राहिलं असेल का?

नेत्रसहायक: ओरखडाही अगदी कण असल्यासारखाच खुपतो. छोटे ओरखडे एकदोन दिवसांत भरतात. उद्या कमी न होता वाढलं, नजर धूसर झाली किंवा पांढरा डाग दिसला तर लगेच परत जा. तोवर हात लावू नका.

सायकलस्वार: आणि माझ्या गॉगलचं?