मदत हवी आहे: संदर्भसूचीच्या टिपणातला नमुना कोणत्या क्रमाने लावू?

अनुराधा_क: बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी संदर्भसूचीचं एकपानी टिपण करतेय. नेहमीच्या चुका लिहून झाल्यात. ‘डॉ. इरावती कर्वे’ असं लिहून नोंद ‘ड’मध्ये टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी. मजकुरात उल्लेख आहे पण यादीत पुस्तकच नाही, ही दुसरी. अडलंय ते नमुन्यापाशी. संगणकाने आडनावं अशी लावून दिली:

कालेलकर, काळे, कावळे, केतकर, क्षीरसागर, गोरे, जोशी, ज्ञानेश्वर, टिळक

‘काळे’ ‘कावळे’च्या आधी कसे? हे मुलांना द्यायचं का?

टंकबहाद्दर: जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असणार. युनिकोडमध्ये आणा, क्रम आपोआप बरोबर येईल.

अनुराधा_क: युनिकोडच आहे हो.

जुना_ग्रंथपाल: जुन्या फॉन्टमध्ये यादी पार विस्कटते हे खरं, पण इथे घोळ युनिकोडच्याच क्रमाचा आहे. त्यात ‘ळ’ची जागा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. शिवाय ‘क्ष’ म्हणजे संगणकाच्या लेखी क, हलन्त आणि ष. हलन्ताचा नंबर सगळ्या मात्रांनंतर, म्हणून क्षीरसागर ‘क’च्या तळाशी गेले. ज्ञानेश्वरांचं ‘ज’खाली तेच झालं. वर्णमालेप्रमाणे तुमची यादी अशी होईल:

कालेलकर, कावळे, काळे, केतकर, गोरे, जोशी, टिळक, क्षीरसागर, ज्ञानेश्वर

मुलांना सांगा, आधी सॉर्ट करा, मग ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असलेल्या नोंदी तेवढ्या हाताने हलवा. आणि सॉर्टच्या आधी नोंदींपुढे हाताने टाकलेले क्रमांक काढायला लावा, नाहीतर १च्या पाठोपाठ १० येतो.

पीएचडी_वाला: माझ्या प्रबंधात इंग्रजी पुस्तकंही आहेत. मार्गदर्शक म्हणतात सगळी एकाच यादीत घाला. कर्वे बाईंची इंग्रजी पुस्तकं K खाली, मराठी ‘क’खाली, मग एकत्र कशी लावू?

जुना_ग्रंथपाल: दोन याद्या करा, मराठी आधी. एकच हवी असेल तर सगळी नावं एकाच लिपीत आणावी लागतील. पण हा प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारा, इथे हरवेल.

मीरा_भाषा: ग्रंथपालांशी अर्धी सहमत. ‘ळ’चं पटलं. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ मात्र जोडाक्षरं आहेत, त्यामुळे क्षीरसागर ‘क’खाली ठेवणं चूक कसं? परीक्षकाने त्यासाठी गुण कापू नयेत.

जुना_ग्रंथपाल: चूक म्हणत नाही मी. पण अर्ध्या वर्गाने ‘क’खाली आणि अर्ध्याने शेवटी लावलं तर तपासणार कसं?

अनुराधा_क: मग वर्णमालेचा क्रम धरते आणि नमुन्याखाली तसं स्पष्ट लिहिते. आता शेवटचं: एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं असतील तर १९८४अ, १९८४आ की १९८४अ, १९८४ब? दोन्ही पाहिलंय. तुमच्याकडे काय चालतं?